नाही म्हणजे…

आमच्या बापूंच्या व्हॉइस नोटची सुरुवात वाऱ्याने होते. आधी मोटारसायकलवरचा सूं सूं आवाज, मग स्टँड लावल्याचा खटका, मग खाकरणं आणि त्यानंतर ‘हॅलो मॅडम, नमस्कार.’ नोट पाठवणाऱ्याने हॅलो कशाला म्हणायचं, असा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. ते माझ्याशी बोलत असतात. मी तिथे नाही, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ अडचण.

बापू दूध संकलनाचे सुपरवायझर. घाटाखालच्या काही गावांची शीतकरण केंद्रं त्यांच्याकडे. मी डेअरीच्या मुख्य कार्यालयात संकलन विभागात बसते. बापूंनी पाहिलेलं साहेबांपर्यंत पोचवणं हे माझ्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नाही, पण सकाळचा पहिला तास बहुतेक त्यातच जातो. साहेब व्हॉइस नोट ऐकत नाहीत. एकदा सांगून मोकळे झाले, ‘मला मेल टाका, माझ्याकडे मेल सापडतो.’ त्यात तथ्य आहे. पुढच्या महिन्यात ‘तेव्हा काय झालं होतं’ असा प्रश्न निघतो, तेव्हा बोललेलं कुणाला सापडत नाही.

हल्ली फोन नोटचा मजकूर स्वतःच काढून देतो. पूर्वी एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताचं बोट मागे-पुढे करायला, असं चाले. आता सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं बोलणं पान-दीड पान होऊन समोर पडतं. त्या पानाला पूर्णविराम नसतात, परिच्छेद नसतात आणि बापूही नसतात. त्यांच्या ‘बगा’चं ‘बघा’ झालेलं असतं, ‘लिवलंय’चं ‘लिहिले आहे’. वाचताना वाटतं, कुणीतरी पुस्तकी माणूस न थांबता धावत बोलतोय.

त्या दिवशीच्या पानाची सुरुवात अशी होती :

‘हॅलो मॅडम नमस्कार बापू बोलतोय ऐका ना जरा 14 नंबरला आलोय खरं म्हणजे मी आज येणारच नव्हतो जत्रेमुळे पण पाहुणे होते त्यांना सोडायला स्टँडवर गेलो म्हटलं जाता जाता बघून यावं तर लाईट गेलेली रात्री दोनला म्हणे आणि जनरेटर चालू नाही झाला दूध फाटलं नाही म्हणजे उकळून बघितलं मी तेरा दाखवतोय पावणे 2000 लिटर आहे कालचं संध्याकाळचं’

पुढे वॉचमन, वॉचमनचा मेव्हणा, जत्रेत आलेला तमाशा, संस्थेच्या सचिवांनी नवा घेतलेला ट्रॅक्टर, रजिस्टर, पुन्हा वॉचमन, आणि शेवटी ‘टँकर साडेआठला येतोय तेवढं साहेबांना विचारून घ्या’. साडेसहा मिनिटांच्या बोलण्यात साहेबांशी ज्याचा संबंध, ते वाक्य साडेसहाव्या मिनिटाला. त्यात बापूंचा काही दोष नाही. माणूस जसं घडलं तसं सांगतो. आधी पाहुणे, मग स्टँड, मग केंद्र, मग धक्का, मग कोण काय म्हणालं, आणि सगळं सांगून झाल्यावर, आता काय करायचं? ऐकणारा ओट्यावर शेजारी बसलेला असेल तर हाच क्रम बरोबर. साहेब मात्र त्या वेळी मॉर्निंग वॉकला असतात आणि त्यांना फोनच्या काचेवर विषय आणि जेमतेम दोन ओळी दिसतात. त्यांच्यासाठी शेवटचं वाक्य उचलून पहिलं करायचं. मी मजकूर हाती आला की आधी शेवट वाचते, प्रश्न कुठे आहे ते शोधते. तो सापडला की बाकीच्या पानाकडे एकच विचारणा : या प्रश्नाचं उत्तर द्यायला साहेबांना तू लागतोस का?

इथवर काम हाताचं आहे. खरा घोळ मधल्या एका ओळीत होता. ‘दूध फाटलं नाही म्हणजे उकळून बघितलं मी.’

ही ओळ दोन तऱ्हांनी तोडता येते. ‘दूध फाटलं नाही. म्हणजे, उकळून बघितलं मी.’ किंवा ‘दूध फाटलं. नाही म्हणजे, उकळून बघितलं मी.’ पहिल्या वाचनात दूध टँकरमध्ये जाण्याची आशा आहे. दुसऱ्यात ते गेल्यातच जमा. आपल्या भाषेत नकार क्रियापदाच्या मागून येतो, आणि बोलताना जरा सावरून घ्यायचं असलं की आपण पुढच्या वाक्याच्या तोंडीही ‘नाही म्हणजे’ लावतो. कानाला यात गोंधळ होत नाही. श्वास कुठे घेतला, सूर कुठे उतरला, यावरून नकार कुणाचा ते कळतं. फोनने श्वास लिहून दिला नव्हता.

अशा वेळी मजकूर बाजूला ठेवून मूळ नोट ऐकायची, दुसरा इलाज नाही. सगळी ऐकायची गरज नसते. आकडे, नकार आणि नावं, एवढ्या तीन जागा गाठून ऐकायच्या. मी त्या ओळीपाशी गेले. ‘दूध फाटलं नाही’ इथे बापूंचा आवाज खाली बसला होता, मागे कुठेतरी कोंबडा आरवला, आणि मग ‘म्हणजे’. नकार दुधाचाच होता.

आकड्यांचं तेच. ‘पावणे 2000’ हे वाचून शहरात वाढलेला नवा मुलगा दोन हजार लिहील, किंवा ‘सुमारे 2000’ लिहून हात झटकेल. बापूंच्या तोंडून ते एकच, सलग ‘पावणेदोन हजार’ येतं, म्हणजे 1750. अडीचशे लिटरचा फरक काही सुमारे नसतो, त्यात कुणाच्या तरी दहा-वीस गाई असतात. दीड, अडीच, सव्वा, पावणे आणि साडे ऐकू आले की मी तिथल्या तिथे अंकात लिहून टाकते आणि बापूंना फोन करायची वेळ आलीच, तर तोच अंक उलटा विचारते, ‘सतराशे पन्नास ना?’ तुम्ही पावणेदोन म्हणालात ना, असं विचारलं तर माणूस सवयीने हो म्हणतो. वेगळ्या शब्दांत विचारलं की क्षणभर थांबतो, आणि तो थांबतो त्यात आपलं काम होतं.

मग ‘म्हणे’. ‘लाईट गेलेली रात्री दोनला म्हणे.’ मेल लिहिताना पहिला हात या शब्दावर पडतो. दोन अक्षरं, नुसतं बोलण्याचं शेपूट. ते काढलं की वाक्य किती नीटनेटकं होतं पाहा : रात्री 2 वाजता वीजपुरवठा खंडित झाला. मला असल्या वाक्यांची भीती वाटते. ‘म्हणे’ने एवढंच सांगितलं होतं की हे बापूंनी पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलेलं आहे. मेलमध्ये तो ऐकीव दोन वाजताचा सुमार रेल्वेच्या वेळापत्रकासारखा पक्का होऊन बसतो.

आणि हा सुमार दुधाशी जुळतही नव्हता. संध्याकाळचं दूध साडेसहाच्या पुढे यायला लागतं, साडेआठपर्यंत संकलन आटोपतं. गायीचं धारेचं दूध कोमट येतं, ते कूलरच्या टाकीत 4 अंशांपर्यंत खाली आणायचं असतं. मशीन धड असेल आणि आतला पंखा फिरत असेल तर शेवटचा कॅन ओतल्यापासून तीनएक तासांत ते होतं. म्हणजे रात्री साडेअकरा-बारापर्यंत टाकी गार. टाकीला चांगलं जाड अस्तर असतं. एकदा 4 अंशांवर आलेलं दूध लाईट गेली तरी काही तास तग धरतं, पहाटेपर्यंत एखाददुसरा अंश चढतं. दोनला लाईट गेली असती तर सकाळी टाकीने पाच दाखवायला हवं होतं, फार तर सहा. बापू म्हणत होते, तेरा.

दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत असतील, तर ते तसेच शेजारी शेजारी मेलमध्ये घालून साहेबांवर सोडणं मला जमत नाही. साहेब याच धंद्यात केस पिकवलेला माणूस. त्यांना ते चालता चालता दिसणार, आणि पुढची दहा मिनिटं त्या प्रश्नोत्तरात जाणार. मजकुरात पुढे एक ओळ होती, जत्रा आणि मेव्हणा यांच्या मध्ये अडकलेली : ‘रजिस्टरला साडे 9 ला 17 लिहिले आहे पुढे काहीच नाही.’ साडेनऊला सतरा अंश, म्हणजे दूध अजून वाटेत होतं. त्यानंतर नोंद नाही. मी बापूंना फोन लावला आणि एकच विचारलं, दोनला लाईट गेली हे कुणी पाहिलं?

‘वॉचमन म्हनला.’

त्याने जाताना पाहिली का?

बापू थांबले. ‘न्हाय. त्याला दोनला जाग आली, तवा अंधार हुता.’

म्हणजे लाईट साडेनऊनंतर आणि दोनच्या आधी कधीतरी गेली. आता तेरा अंश पटतो. दूध सतराहून चौदा-तेरापर्यंत उतरलं, तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला आणि दूध तिथेच रात्रभर बसून राहिलं. लाईट परत आली 5.40 ला, आणि तोवर कूलरचा डिस्प्लेही काळाच, त्यामुळे मधल्या तासांचा साक्षीदार कुणी नाही. दोन अक्षरांचा ‘म्हणे’ खोडला असता तर साहेबांनी दोन ते पावणेसहा, पावणेचार तास धरले असते. तो राहिला म्हणून कळलं की दूध कदाचित सात-साडेसात तास अर्धवट गार अवस्थेत होतं.

तसंच ‘दूध चांगलं हाय मॅडम, काय टेन्शन न्हाय’ हे. बापूंनी ते नोटमध्ये पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, आणि त्यांच्या हिशेबी ते खरंही होतं. परीक्षानळीत थोडं दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात धरायची आणि फाटतं का पाहायचं, याला डेअरीत सीओबी म्हणतात. ते त्यांनी केलं, फाटलं नाही. पण गायीच्या ताज्या दुधाची आम्लता 0.13-0.14 टक्क्यांच्या आसपास असते, आणि उकळताना फाटायला ती त्याहून बरीच वर चढावी लागते. न फाटलेलं दूध म्हणजे अजून हाताबाहेर न गेलेलं दूध, एवढाच त्या चाचणीचा अर्थ. म्हणून मेलमध्ये चाचणी लिहायची आणि तिने काय दाखवलं ते लिहायचं. चांगलं की वाईट हे ठरवायला प्लँटच्या डॉकवर प्रयोगशाळा आहे.

राहिली जत्रा. पाहुणे, स्टँड, तमाशा, मेव्हणा यांच्यावर मी एकेक रेघ ओढत गेले. खोडायचं नाही, नुसती रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि ट्रॅक्टरपाशी थांबले. ‘सचिवांचा ट्रॅक्टर जत्रेत सजवायला नेला होता देवाच्या गाडीला त्यामुळे रात्री तोही नव्हता.’ ट्रॅक्टर नव्हता म्हणून काय बिघडलं? दुधाच्या केंद्राला ट्रॅक्टर कशाला लागतो? अशी आगंतुक ‘त्यामुळे’ दिसली की तिच्यामागे काहीतरी असतं. बापूंच्या मनात एक साखळी आहे, तिची मधली कडी त्यांना इतकी माहितीची आहे की बोलायची राहून गेली. विचारल्यावर कळलं. जनरेटरची बॅटरी बरेच दिवस उतरलेली. लाईट गेली की शेजारून ट्रॅक्टर आणायचा, त्याच्या बॅटरीच्या वायरी जोडून जनरेटर सुरू करायचा. गावाने काढलेला तोडगा, आणि चालतही होता. परवापर्यंत. काल रात्री ट्रॅक्टर देवाच्या गाडीला होता.

सगळ्या नोटमधलं खरं कारण जत्रेच्या पोटात होतं. पाल्हाळ म्हणून आपण जे कापतो त्यात कितीदा असं काही जातं कुणास ठाऊक. बोलणारा माणूस निरर्थक काही सांगत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. त्याला जे जोडलेलं दिसतं ते तो जोडून सांगतो. आपल्याला फक्त दोरा दिसत नाही.

मेल लिहायला त्यानंतर पाचच मिनिटं लागली.

‘विषय : 8.30 पूर्वी निर्णय हवा – केंद्र 14, संध्याकाळचे 1750 लिटर दूध

मा. साहेब,

केंद्र 14 वरील कालचे संध्याकाळचे गायीचे 1750 लिटर दूध रात्री पूर्ण थंड झालेले नाही. आज सकाळी 6 वाजता तापमान 13 अंश. सीओबी केली, दूध फाटले नाही. केंद्रावर इतर चाचणी झालेली नाही. आज सकाळचे दूध त्यात मिसळलेले नाही, कॅनमध्ये ठेवले आहे.

टँकर 8.30 ला पोचतो. हे दूध टँकरच्या वेगळ्या कप्प्यात आणावे आणि डॉकवर आम्लता पाहूनच उतरवावे, असे सुचवते. मान्यता द्यावी.

वीज नेमकी कधी गेली याची नोंद नाही. रजिस्टरमधील शेवटची नोंद रात्री 9.30, 17 अंश. वॉचमनच्या सांगण्यानुसार 2 वाजता वीज नव्हती. पहाटे 5.40 ला आली. बॅटरी उतरल्याने जनरेटर सुरू झाला नाही. बॅटरीबाबत दुपारी वेगळा मेल करते.’

कॅनमधल्या दुधाची ओळ बापूंनी नोटमध्ये सांगितलीच नव्हती. फोनवर मी विचारल्यावर म्हणाले, ‘ते मिसळीन व्हय मी, खुळा हाय का?’ जो माणूस वीस वर्षं हे काम करतो त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही. साहेबांना मात्र पहिला प्रश्न तोच पडला असता.

वॉचमन झोपला होता, हे मी लिहिलं नाही. बापूंनी ते चार तऱ्हांनी सांगितलं होतं, त्यात त्याच्या खानदानाचाही उद्धार होता. पण साडेनऊनंतर रजिस्टरला नोंद नाही, हे कागदावर दिसतं. तो झोपला की मशीनजवळ उभा राहून लिहायचं विसरला, हे कागद सांगत नाही. मेल एकदा गेला की पुढे जातो, त्याखाली त्याखाली उत्तरं चिकटत राहतात, आणि चौथ्या माणसाकडे पोचेपर्यंत माझं वाक्य हाच पुरावा होऊन बसतो. गावातल्या एका माणसाची नोकरी बापूंच्या सकाळच्या रागावर टांगून ठेवायला मला जड जातं.

उलट बाजूचा मोहही असतो. आपल्या कचेरीच्या मराठीत ‘करण्यात आले’, ‘राहून गेले’, ‘निदर्शनास आले’ अशी गुळगुळीत क्रियापदं ढिगाने आहेत, त्यांत कर्ता कुठे बुडाला ते कळतही नाही. ‘सीओबी करण्यात आली’ लिहिलं की मेल अधिकृत दिसतो, फक्त केली कुणी ते उरत नाही. जुन्या पत्रलेखकांकडे पत्र आवरतं घ्यायला ‘बहुत काय लिहिणे’ अशी एक मोठी सभ्य सोय होती. आपण आवरतं घेताना नेमकी माणसं गाळतो.

मेल पाठवण्याआधी मी बापूंना वाचून दाखवला. हा माझा शिरस्ता आहे. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावावर जाणार, तर त्यांनी ऐकलेलं बरं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, ‘बरोबर हाय मॅडम. पन ह्यातलं मी काहीच बोललो न्हाय की.’ तक्रार नव्हती ती. जरा नवल होतं.

साहेबांचं उत्तर 7.20 ला आलं. ‘वेगळा कप्पा. डॉकला सांगतो. बॅटरी उतरल्याचं आधी कुणाला माहीत होतं?’

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बॅटरी दुपारवर ढकलली होती. मजकुरात त्याचंही उत्तर होतं, नेहमीसारखं धूसर : ‘आपण मागेच सांगितले होते की.’ आपण म्हणजे कोण? बापू? मी? सगळं खातं? बोलताना ‘आपण’ फार सोयीचं पडतं, त्यात सगळे मावतात आणि सापडत कुणीच नाही. पुन्हा फोन केला. कुणी सांगितलं, कुणाला, कधी?

या वेळी ते बराच वेळ गप्प होते. मागून कॅन आपटल्याचे आवाज येत होते, टँकर लागला असावा.

‘मी सचिवांना सांगितलं हुतं,’ ते म्हणाले. ‘दिवाळीच्या आधी. तोंडी.’

हेडऑफिसला?

‘न्हाय. वाटलं, ते लिवतील.’ मग जरा थांबून, ‘लिवा तसंच. तोंडी सांगितलं, असं लिवा.’

मी तसंच लिहिलं. सुपरवायझरनी संस्थेच्या सचिवांना दिवाळीपूर्वी तोंडी कळवले होते, मुख्य कार्यालयास लेखी कळवलेले नाही. त्याखाली नव्या बॅटरीची मागणी, दर महिन्याला जनरेटर चालवून पाहण्याची आणि त्याची रजिस्टरला सही घेण्याची सूचना. ट्रॅक्टर एका ओळीत ठेवला, देवाची गाडी गाळली. दुपारी डॉकवरून आम्लतेचा आकडा यायचा होता, तो आल्याशिवाय मेल पाठवायचा नाही असं ठरवून मी तो मसुद्यात ठेवला आणि केंद्र 9 ची नोट उघडली. साडेचार मिनिटं. वारा नव्हता, पाऊस होता.